दोघांनीही बदललं, मग खरं कोणतं?

पंप आणि व्हॉल्व्ह विकणारा पुण्यातला एक मध्यम आकाराचा वितरक डोळ्यांपुढे आणा. ऑफिसात अकाउंट्सच्या मॅडम लेखा सॉफ्टवेअरवर बिलं करतात. बाहेर फिरणारे विक्री प्रतिनिधी मोबाइलवर सीआरएम वापरतात, म्हणजे ग्राहक, भेटी आणि कोटेशनं यांची नोंद ठेवणारं दुसरं सॉफ्टवेअर. ग्राहक मात्र तेच, त्यामुळे त्यांची माहिती दोन्हीकडे आहे. रोज रात्री अकराला एक छोटा प्रोग्राम चालतो आणि इकडचे बदल तिकडे, तिकडचे इकडे नेऊन दोन्ही नोंदी सारख्या करतो. याला सगळे ‘सिंक’ म्हणतात.

सोमवारी रात्री सिंक झालं तेव्हा भोसरीच्या एका फॅब्रिकेशन शॉपची नोंद दोन्हीकडे हुबेहूब सारखी होती. मंगळवारी सकाळी 11.40 ला प्रतिनिधी तिथे गेला. खरेदी पाहणारे जुने गृहस्थ निवृत्त झाले होते, म्हणून त्याने नवं नाव आणि नवा मोबाइल नंबर टाकला. शॉपचं काम आता चाकणच्या शेडमध्ये चालणार असं कळलं, म्हणून पत्ताही बदलून चाकणचा केला. दुपारी 4.15 ला ऑफिसात मॅडमनी त्याच ग्राहकाचं खातं उघडलं. उधारीची मुदत 30 दिवसांवरून 45 केली आणि जीएसटी प्रमाणपत्राशी ताडून पाहताना पत्त्यात ‘शेड क्र. 14’ होतं तिथे ‘शेड क्र. 14/बी’ केलं. दोघांनीही आपापलं काम चोख केलं होतं.

रात्री अकराला प्रोग्रामपुढे एकाच ग्राहकाच्या दोन वेगळ्या नोंदी आल्या. कोणती ठेवायची?

बहुतेक तयार जोडणी-सॉफ्टवेअरांत याचं उत्तर आधीच भरलेलं असतं: ज्याने शेवटी बदललं तो जिंकला. मॅडमचा बदल 4.15 चा, प्रतिनिधीचा 11.40 चा, म्हणजे मॅडमची अख्खी नोंद सीआरएमवर जाऊन बसली. मॅडमनी फोन नंबरला हातही लावला नव्हता. पण त्यांच्या नोंदीत जुना नंबर होता आणि तो नोंदीबरोबर गेला. बुधवारी प्रतिनिधी ग्राहकाला फोन लावतो तो निवृत्त गृहस्थांच्या घरी वाजतो. “मॅडम, नंबर मी कालच बदलला होता.” “मी बदलला नाही हो, मी फक्त उधारीचे दिवस वाढवले.” दोघंही खरं बोलत असतात. कुठेही एररचा लाल संदेश येत नाही, सिंकच्या नोंदवहीत ‘यशस्वी’ असंच लिहिलेलं असतं. हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो तो त्यामुळेच. लोक पुन्हा नंबर टाकतात, ‘सीआरएमच असलं’ म्हणतात आणि खरे नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये ठेवायला लागतात.

पहिली दुरुस्ती सुचते ती अशी, की अख्खी नोंद न उचलता एकेक रकाना वेगळा पाहावा. दिशा बरोबर आहे, पण तेवढ्याने भागत नाही. फोनच्या रकान्यात इकडे एक नंबर, तिकडे दुसरा. यातला नवा कोणता? दोन आकडे समोर ठेवून कितीही वेळ पाहिलं तरी कळणार नाही, कारण बदल कोणी केला हे त्या आकड्यांत लिहिलेलंच नाही. रकानावार वेळ ठेवणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण थोडी. बहुतेकांत अख्ख्या नोंदीला मिळून ‘शेवटचा बदल’ असा एकच शिक्का असतो.

इथे तिसरी प्रत लागते. सोमवारी रात्री दोन्ही बाजूंचं एकमत झालं होतं, त्या क्षणाची प्रत सिंक करणाऱ्या प्रोग्रामने स्वतःजवळ जपून ठेवायची. ही कल्पना प्रोग्रामरांची जुनी ओळखीची आहे. एकाच फाइलमध्ये दोघांनी केलेले बदल एकत्र करताना मूळ फाइलही शेजारी ठेवून तीन प्रती ताडायच्या, हे युनिक्सवरचं `diff3` 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून करत आलं आहे. ग्राहकाच्या नोंदीला तोच नियम रकान्यागणिक लावायचा. लिहायला चार ओळी पुरतात:

```
if   crm == acc:    काही करू नका
elif crm == base:   acc घ्या
elif acc == base:   crm घ्या
else:               खरा संघर्ष
```

`base` म्हणजे जपून ठेवलेली प्रत. आता मंगळवारची रात्र पुन्हा चालवून पाहू. फोन नंबर: लेखा सॉफ्टवेअरमधला नंबर सोमवारच्या प्रतीसारखाच आहे, सीआरएममधला वेगळा आहे, म्हणजे बदल सीआरएमने केला, तो घ्या. संपर्क व्यक्तीचं तसंच. उधारीचे दिवस: सीआरएममध्ये अजून सोमवारचेच 30, लेखा सॉफ्टवेअरमध्ये 45, म्हणून 45 घ्या. घड्याळाकडे एकदाही पाहावं लागलं नाही. दोघांचेही बदल टिकले आणि वादाला उरला फक्त पत्ता, जो खरोखरच दोन्हीकडे बदलला होता. मला हा चार ओळींचा नियम या सगळ्या विषयाचा कणा वाटतो. ज्या जोडणीत ही तिसरी प्रत नाही तिच्यात बाकी कितीही सोयी असल्या तरी ती अंदाजानेच चालते.

घड्याळ का टाळायचं याचं एक खास भारतीय कारण सांगून पुढे जातो. सीआरएम बहुधा परदेशी सर्व्हरवर असतं आणि वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीत लिहितं. ऑफिसातलं लेखा सॉफ्टवेअर भिंतीवरच्या घड्याळाची वेळ लिहितं आणि ती भारतीय आहे हे पुष्कळदा नोंदवतच नाही. दोन वेळा तशाच शेजारी ठेवल्या तर साडेपाच तासांचा फरक गुपचूप आत शिरतो. मॅडमनी सकाळी 11 ला केलेला बदल 11.00 असाच दिसतो. प्रतिनिधीने दुपारी 3 ला केलेला बदल यूटीसीत 9.30 होतो आणि चार तास उशिराचा असूनही ‘जुना’ ठरून हरतो. लक्षणावरून हे ओळखता येतं: तक्रारी एकाच बाजूच्या लोकांच्या येतात, आणि दोन बदलांत साडेपाच तासांहून जास्त अंतर असलं की गोष्ट बरोबर घडते. त्यामुळे कधी होतं, कधी होत नाही, आणि तपासणारा माणूस चक्रावतो.

दुसरी अडचण प्रतिध्वनीची. सिंकने लेखा सॉफ्टवेअरमध्ये नवा फोन नंबर लिहिला की त्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ती नोंद नुकतीच बदलली. टॅलीत प्रत्येक खात्याला `AlterID` असतो आणि खातं बदललं की तो वाढतो, मग तो बदल माणसाने केलेला असो की प्रोग्रामने बाहेरून आणलेला. सेल्सफोर्समध्ये `SystemModstamp` असाच प्रोग्रामच्या बदलानेही हलतो. अशा खुणेवर भरवसा ठेवून सिंक लिहिलं तर बुधवारी रात्री त्याला वाटतं, लेखा सॉफ्टवेअरमध्ये बदल झालाय, चला सीआरएमला कळवू. कळवलं की सीआरएमची खूण हलते. गुरुवारी उलट दिशेने तेच. नोंद दोन सॉफ्टवेअरांत चेंडूसारखी फिरत राहते, आणि त्यात एखाद्या माणसाचा खरा बदल सापडला तर तो चिरडला जातो. या खुणा निरुपयोगी नाहीत. ‘कोणत्या नोंदी उघडून पाहायच्या’ हे ठरवायला त्या उत्तम. ‘काय बदललं’ हे मात्र जपलेल्या प्रतीशी मजकूर ताडूनच ठरवावं. मजकूर प्रतीसारखाच असेल तर खूण कितीही पुढे गेलेली असो, बदल झालेला नाही.

ताडायचं म्हणजे तरी काय, यातही खाचाखोचा आहेत. एकीकडे नंबर +91 लावून, दुसरीकडे नुसते दहा आकडे. एकीकडे रिकामा रकाना, दुसरीकडे त्यात चुकून पडलेली एक स्पेस. हे सगळं आधी एका साच्यात आणून मग ताडायचं, नाहीतर पहिल्याच रात्री शेकडो खोटे संघर्ष उभे राहतात. मराठीत पत्ते ठेवणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. ‘कऱ्हाड’ मधला अर्धा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एकदा नुक्त्याच्या ऱ ने, एकदा साध्या र ला हलन्त लावून पुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही त्यांना एक करत नाही. वाद सोडवायला बसलेल्या माणसापुढे मग ‘कऱ्हाड की कऱ्हाड?’ असा प्रश्न येतो. ही बदली प्रोग्राममध्ये वेगळी ओळ लिहूनच करावी लागते.

आता भोसरीच्या पत्त्याकडे परत येऊ. दोन्हीकडे बदललेला पत्ता हा खरा संघर्ष म्हणून बाजूला निघाला, असं वर म्हटलं. पण पत्ता हा एक रकाना नसतो. शेड क्रमांक आणि रस्ता एका रकान्यात, गाव दुसऱ्यात, पिन तिसऱ्यात. आपला चार ओळींचा नियम प्रत्येक रकान्याला वेगवेगळा लावला तर काय होतं पाहा. पहिला रकाना दोघांनीही बदलला, म्हणून तो अडकला. गाव आणि पिन मॅडमनी बदललेच नव्हते, ते फक्त प्रतिनिधीने बदलले. तेव्हा गाव चाकण, पिन 410501 निमूटपणे स्वीकारले गेले. अडकलेल्या रकान्यात लेखा सॉफ्टवेअरमध्ये आहे तेच राहिलं. हाती आला पत्ता: शेड क्र. 14/बी, भोसरी एमआयडीसी, चाकण, 410501. असा पत्ता पृथ्वीवर नाही. दोघांपैकी कोणीही तो लिहिला नव्हता, प्रोग्रामने तो जन्माला घातला. ई-वे बिल पिनकोडवरून अंतर काढतं, त्यामुळे असा पत्ता नुसता विनोदी ठरत नाही, गाडीच्या कागदपत्रांत उतरतो.

म्हणून जे रकाने मिळून एकच गोष्ट सांगतात त्यांची जुडी बांधायची आणि जुडी एकसंध हलवायची. पत्त्याचे सगळे रकाने एका जुडीत. संपर्क व्यक्तीचं नाव आणि त्याचा मोबाइल दुसऱ्या जुडीत, नाहीतर नव्या माणसाच्या नावापुढे जुन्याचा नंबर येतो. जीएसटी क्रमांक आणि राज्य तिसऱ्या जुडीत. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे 27, कर्नाटकाचे 29. बेळगावचा पत्ता आणि 27 ने सुरू होणारा क्रमांक एकत्र आला तर जुडी कुठेतरी फुटली आहे, आणि हे लिहिण्यापूर्वी प्रोग्रामला तपासता येतं. कोणत्या जुड्या बांधायच्या हे ज्यांना धंदा कळतो त्यांनी सांगायचं असतं. प्रोग्रामरला रकाने दिसतात, त्यांचा घरोबा दिसत नाही.

काही रकान्यांवर वाद होऊच देऊ नये. उधारीची मर्यादा आणि मुदत, जीएसटी क्रमांक, पॅन ही अकाउंट्सची मालकी. सीआरएममध्ये हे रकाने फक्त वाचण्यापुरते ठेवायचे. येणे बाकी तर कोणीच हाताने लिहू नये, ती बिलांतून आणि पावत्यांतून निघते आणि एकाच दिशेने सीआरएममध्ये दिसायला जाते. अशी मालकी वाटून दिली की निम्म्याहून अधिक भांडणं जन्मालाच येत नाहीत, आणि जमेल तितकी ती वाटून द्यावी असंच मी म्हणेन. फक्त कुलूप लावण्याआधी एक विचार करावा. ज्याला रस्त्यावर नवी माहिती मिळते त्याला ती नोंदवायची जागाच ठेवली नाही तर तो ती ‘शेरा’ या रकान्यात लिहितो. तिथून ती कुणी वाचत नाही. कुलूपबंद रकान्याशेजारी ‘बदल सुचवा’ असं एक बटण ठेवलं तर माहिती अकाउंट्सपर्यंत पोचते.

पत्त्याची जुडी मात्र माणसापुढेच गेली पाहिजे. ती कशी जाते यावर बरंच ठरतं. ‘सीआरएम की लेखा?’ अशी दोन बटणं दिली तर बसलेला माणूस सवयीने एक दाबत सुटतो. त्याला तिन्ही प्रती दाखवाव्या: सोमवारी काय होतं, प्रतिनिधीने 11.40 ला काय केलं, मॅडमनी 4.15 ला काय केलं. तोवर बाकीचे रकाने अडवू नयेत. फोन, नाव, उधारीचे दिवस आपापल्या वाटेने जावेत, पत्ता तेवढा दोन्हीकडे आहे तसा थांबावा.

मॅडमपुढे ही यादी आली की त्या काय म्हणतील? बहुधा असं: “अहो, चाकणला माल जातो हो, बिल भोसरीच्याच नावाने आहे. जीएसटीत त्यांनी अजून बदल केलेला नाही.” म्हणजे दोन्ही पत्ते बरोबर होते. प्रतिनिधी माल कुठे उतरवायचा ते सांगत होता, मॅडम बिल कोणत्या पत्त्यावर निघतं ते सांगत होत्या, आणि सॉफ्टवेअरने दोघांना एकच रकाना दिला होता. इथे कोणताही नियम, कितीही हुशार असला तरी, बरोबर निवडू शकला नसता, कारण निवडायचं काही नव्हतंच. उपाय एकच: बिलाचा पत्ता आणि पोचवण्याचा पत्ता असे दोन रकाने करायचे, पहिला अकाउंट्सचा, दुसरा विक्रीचा. वादांची यादी महिनाभर जपून ठेवली आणि कोणत्या रकान्यावर पुन्हा पुन्हा वाद होतो ते मोजलं, तर अशा दुहेरी रकान्यांची नावं आपोआप वर येतात. माझ्या मते ती यादी नुसती निकाली काढण्यापेक्षा वाचण्यात जास्त फायदा आहे. फोनवरून वारंवार वाद होत असेल तर तिथे बहुतेक मालकाचा आणि स्टोअरकीपरचा असे दोन फोन एका जागेसाठी भांडत असतात.

निकाल लागला की तो लिहायचा, आणि त्यातही एक फट असते. सिंकने नोंद वाचली 11 वाजता, लिहिली 11 वाजून 4 मिनिटांनी. मधल्या चार मिनिटांत प्रतिनिधीने घरून काही बदललं तर ते पुसलं जाईल. वेबवरून चालणाऱ्या अनेक सॉफ्टवेअरांत यासाठी सशर्त लेखनाची सोय असते: ‘मी वाचलेली आवृत्ती अजून तीच असेल तरच लिही.’ `If-Match` या शीर्षकाने ती अट पाठवायची. आवृत्ती बदललेली असेल तर `412 Precondition Failed` असं उत्तर येतं आणि ती नोंद पुन्हा वाचून पुन्हा ताडायची. अशी सोय नसेल तिथे लिहिण्याच्या अगदी आधी खूण पुन्हा पाहायची. त्याने फट बुजत नाही, काही मिनिटांची काही क्षणांवर येते.

लिहून झालं की नवी `base` प्रत ठेवायची. ती पाठवलेल्या मजकुराची ठेवू नये, दोन्हीकडून परत वाचून ठेवावी. सॉफ्टवेअरं मजकूर निमूटपणे बदलतात: एखादं लांब नाव ठराविक अक्षरांवर कापतं, एखादं फोनमधली स्पेस काढतं. पाठवलेलं जपलं तर दुसऱ्या रात्री तो फरक ‘बदल’ म्हणून उभा राहतो. एका बाजूला लेखन झालं आणि दुसऱ्या बाजूला नेट गेलं, तर जुनीच प्रत ठेवायची. दुसऱ्या रात्री नियम आपोआप अर्धं राहिलेलं काम पुरं करतो, कारण जिथे दोन्ही बाजू सारख्या झाल्या तिथे तो काही करत नाही आणि जिथे राहिलं तिथे तोच निर्णय पुन्हा घेतो.

काढून टाकलेल्या नोंदींचं थोडक्यात. सीआरएममधून कुणी ग्राहक काढला आणि त्याच दिवशी लेखा सॉफ्टवेअरमध्ये त्याचा पत्ता बदलला, तर तिसऱ्या प्रतीशिवाय प्रोग्रामला वाटतं की हा नवा ग्राहक आहे, आणि तो पुन्हा उगवतो. अॅमेझॉनने 2007 मध्ये आपल्या डायनॅमो या साठवण यंत्रणेवर जो शोधनिबंध प्रसिद्ध केला त्यात हे मोकळेपणाने सांगितलं आहे. खरेदीच्या टोपलीच्या दोन प्रती एकत्र करताना टाकलेली वस्तू कधी हरवू द्यायची नाही, मग काढलेली वस्तू अधूनमधून परत दिसली तरी चालेल, असा त्यांनी कौल घेतला. टोपलीत ते परवडतं. काळ्या यादीत टाकलेला ग्राहक उधारीसकट परत येणं वितरकाला परवडत नाही. म्हणून एकीकडे काढलं आणि दुसरीकडे बदललं, हे नेहमी माणसाकडे.

राहिली पहिली रात्र. जोडणी सुरू होते तेव्हा सोमवारची प्रत नसतेच. दोन सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं वेगवेगळी चाललेली, प्रत्येक फरक संघर्षासारखा दिसतो आणि यादी हजारावर जाते. तेव्हा रकान्यागणिक मालक ठरवून एकदाच एका बाजूची माहिती दुसरीकडे ओतावी. त्याआधी दोन्हीकडचा बॅकअप घ्यावा आणि जे पुसलं जाणार आहे त्याची एक्सेल काढून ज्याच्या त्याच्या हाती द्यावी. प्रतिनिधी आपापले तीस-चाळीस ग्राहक चहा पिता पिता पाहून टाकतात, हजारांची एकच यादी मात्र कुणीही पाहत नाही. आणि हे काम मार्चअखेरीस काढू नये. मॅडम ऐकणार नाहीत, आणि त्यांचंच बरोबर असेल.